शेअरिंगचं घर सोडताना भाडं, लाइट बिल आणि डिपॉझिट एकाच कागदावर

प्रश्न: ऐरोलीत २ बीएचकेमध्ये आम्ही तिघं राहतो. लिव्ह अँड लायसन्सवर दोघांचीच नावं आहेत, माझं नाही. मार्चमध्ये डिपॉझिटचे ३० हजार मी त्यातल्या एकाला यूपीआयने दिले. १८ सप्टेंबरला ग्रुपवर महिन्याची नोटीस दिली, आता १८ ऑक्टोबरला निघतोय. ऑक्टोबरचं भाडं त्याने भरलंय, माझा हिस्सा बाकी आहे. तो म्हणतो, नवीन मुलगा आला की डिपॉझिट देतो आणि लाइट बिल आलं की त्यातून कापतो. हे लिखित कसं मिटवायचं?

उत्तर: लाइट बिलासाठी कोणाचंही डिपॉझिट अडवून ठेवावं लागत नाही. १८ तारखेला निघायच्या आधी मीटरचं रीडिंग घ्या, मागच्या बिलाचा दर लावा आणि विजेचा हिशेब त्याच दिवशी कायमचा बंद करा. डिपॉझिटला मात्र एक पक्की तारीख लावून घ्या. बाकी सगळं या दोन गोष्टींच्या मागोमाग येतं.

मी ऐरोली-रबाळे-घणसोली पट्ट्यात भाडेकरार नोंदवून द्यायचं काम करते. नव्या कराराइतकेच घर सोडतानाचे कागदही माझ्या टेबलावर लिहिले गेलेत. त्यात भांडण क्वचितच मोठ्या रकमेवरून सुरू होतं. सुरू होतं ते चार-पाचशेच्या लाइट बिलावरून, आणि अडकतं ते पंचवीस-तीस हजारांचं डिपॉझिट. दोन वर्षांपूर्वी घणसोलीत तिघी मुली राहत होत्या, त्यातली एक १० मेला निघाली. रीडिंग कोणी घेतलं नाही. नंतर आलेल्या मुलीने एसी आणला. ३ मे ते २ जूनचं बिल ७,४४० रुपयांचं आलं आणि उरलेल्या दोघींनी ते दिवसांवर वाटून गेलेलीच्या नावावर आठ दिवसांचे ६४० रुपये लावले. त्या घराच्या नेहमीच्या वापराने तिचे २४० सुद्धा झाले नसते. त्या चारशे रुपयांच्या वादात तिचं डिपॉझिट तीन महिने अडकलं. दोन्ही बाजूंच्या मुली सरळ होत्या. १० मेला मीटरवर काय आकडा होता, एवढंच कोणाकडे नव्हतं.

आता तुमच्या घराकडे येऊ.

तुमचं येणं कोणाकडे आहे हे आधी नीट लक्षात घ्या. घरमालकाशी करार झालाय तो त्या दोघांचा. नोंदणीकृत करारात डिपॉझिटची पूर्ण रक्कम त्यांच्याकडूनच मिळाली असं लिहिलेलं असणार. त्यामुळे मालकाला तिसऱ्याचे ३० हजार माहीतच नाहीत, आणि कराराच्या मध्यावर त्यातला तिसरा हिस्सा परत करायला तो बांधीलही नाही. तुमचे पैसे ज्याच्या खात्यात गेले, तोच तुमचा देणेकरी. मालकाकडे जाऊन दाद मागण्यात तुमचाच तोटा आहे. लायसन्सवर घेतलेली जागा लायसन्सधारकाला दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, १८८२ च्या ईझमेंट्स ॲक्टमधलं ५६ वं कलम हेच सांगतं आणि बहुतेक करारांत ‘इतर कोणास ठेवू नये’ अशी वेगळी अटही असते. तुम्ही तिथे राहत होता हे मालकाला लेखी कळलं तर अडचण त्या दोघांची होईल, आणि ते तुमचे पैसे देण्याऐवजी स्वतःचं घर वाचवण्याच्या मागे लागतील. मात्र करारावर नाव नाही म्हणून तुमचे ३० हजार बुडत नाहीत. तो तुम्हा दोघांतला व्यवहार आहे आणि तो कागदावर आणणं हेच १८ तारखेचं खरं काम.

भाड्याचा भाग तसा सोपा आहे, पण त्यात दोन प्रथा आडव्या येतात. एक म्हणजे ‘महिना सुरू झाला की पूर्ण भाडं’. शेअरिंगच्या घरांत हे सर्रास ऐकू येतं, पण आधी तसं ठरलं नसेल तर ते नंतर लादता येत नाही. उरलेल्या दोघांना मालकाला पूर्ण भाडं भरावंच लागतं हे खरं, आणि म्हणूनच महिन्याची नोटीस असते. तेवढ्या वेळात त्यांनी नवीन माणूस शोधावा. तुमची नोटीस १८ ऑक्टोबरला पूर्ण होते. तिथपर्यंतचं भाडं तुमचं, पुढच्या १३ दिवसांचं त्यांचं. नोटीस उशिरा दिली असती, समजा ३ ऑक्टोबरला, तर २ नोव्हेंबरपर्यंतचं भाडं तुमच्या अंगावर आलं असतं आणि त्यात तक्रारीला जागा नसती. ग्रुपवरचा तो १८ सप्टेंबरचा मेसेज आजच शोधून ठेवा. त्याखाली ‘ठीक आहे’, ‘ओके भाई’ असं कोणी लिहिलं असेल तर तेही.

दुसरी प्रथा तीस दिवसांचा महिना धरायची. तुम्ही आकडे दिलेले नाहीत, म्हणून मी धरते की भाडं महिना ३३ हजार, म्हणजे तुमचा हिस्सा ११ हजार. ऑक्टोबरचे दिवस ३१. ११,००० ला ३१ ने भागून १८ ने गुणलं की ६,३८७ येतात. तीसने भागलं तर ६,६०० होतात. फरक २१३ रुपयांचा आहे आणि यात कोणी कोणाला फसवत नसतं, फक्त दोघांनी मनात वेगवेगळा भाजक धरलेला असतो. निघण्याचा दिवस मोजायचा की नाही, हाही असाच मुद्दा. मी मोजते, कारण त्या दिवशी सामान दुपारपर्यंत घरात असतं. काहीही धरा, पण कागदावर ‘१ ते १८ ऑक्टोबर, १८ दिवस, ३१ ने भागून’ एवढं लिहा.

आता वीज. इथे थोडं थांबायला हवं.

ऐरोलीत बिल महावितरणचं येतं. (हे वाचणारं कोणी कळवा, मुंब्रा किंवा शीळ भागात राहत असेल तर तिथे फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवरचं बिल येतं, पण हिशेबाची पद्धत तीच.) शेवटचं बिल समोर ठेवा. त्यावर चालू रीडिंग, मागील रीडिंग, दोन्हींच्या तारखा आणि वापरलेली युनिटं दिसतील. समजा २७ सप्टेंबरचं रीडिंग ८,४१२ आहे, त्या महिन्यात २८८ युनिटं जळली आणि चालू महिन्याचं बिल ३,२४० रुपयांचं आहे. हे बिल तुम्ही तिघं पूर्ण महिना राहिलात त्या काळाचं, म्हणून तुमचा हिस्सा सरळ १,०८० रुपये. तो कोणी भरला असेल तर त्याला द्यायचा.

मग २७ सप्टेंबरनंतरचे दिवस. याचं बिल नोव्हेंबरच्या सुमारास हातात पडेल, आणि तुमचा पार्टनर थांबायला सांगतोय ते याच्यासाठी. थांबू नका. १८ तारखेला सकाळी मीटरपाशी जा. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत सगळ्यांचे मीटर तळमजल्यावर एकत्र असतात, जिन्याखाली किंवा मीटर रूममध्ये, आणि त्यांवर खडूने किंवा मार्करने लिहिलेले फ्लॅट नंबर पुसट झालेले असतात. त्या खुणांवर विसंबू नका. बिलावर छापलेला मीटर क्रमांक मीटरच्या पाटीवरच्या क्रमांकाशी जुळवा. एकदा दोन मुलं शेजारच्या मीटरचा फोटो घेऊन माझ्याकडे आली होती. त्यावरचा आकडा मागच्या बिलापेक्षा कमी होता म्हणून लक्षात आलं, जास्त असता तर तोच धरला गेला असता.

इलेक्ट्रॉनिक मीटरचा पडदा एकच आकडा दाखवत नाही. तारीख, वेळ, व्होल्टेज असं एकामागून एक फिरत राहतं. तुम्हाला हवा तो आकडा kWh या अक्षरांसोबत येतो, युनिट म्हणजे तोच. म्हणून फोटोऐवजी मिनिटभराचा व्हिडिओ घ्या. आधी पाटीवरचा मीटर क्रमांक दाखवा, मग मोबाईल न हलवता तारीख आणि kWh येऊन जाईपर्यंत थांबा. पार्टनरला सोबत न्या, आणि तो ऑफिसला गेला असेल तर व्हिडिओ लगेच ग्रुपवर टाका. स्मार्ट मीटर बसला असेल तर रोजचा वापर ॲपवरही दिसतो, पण ते लॉगिन सहसा मालकाच्या नावावर असतं, तेव्हा व्हिडिओ घ्याच.

समजा १८ तारखेला आकडा ८,५६८ दिसला. म्हणजे २१ दिवसांत १५६ युनिटं, तिघांत प्रत्येकी ५२. आता दर कोणता लावायचा? विजेचा दर सगळ्या युनिटांना सारखा नसतो. पहिली शंभर युनिटं स्वस्त, शंभर ते तीनशे महाग, त्यापुढे आणखी महाग. त्यावर स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क असं सगळं चढतं. तुमची ५२ युनिटं यातल्या कुठल्या पायरीवर बसतात याला उत्तरच नाही, कारण पायरी सगळ्या घराच्या वापरावर ठरते. म्हणून मागच्या महिन्याच्या बिलाला त्याच महिन्याच्या युनिटांनी भागायचं. ३,२४० भागिले २८८, म्हणजे ११ रुपये २५ पैसे. सगळे आकार या दरात आले. ५२ युनिटांचे झाले ५८५ रुपये.

खरं बिल आल्यावर हा आकडा थोडा चुकेल. समजा २७ ऑक्टोबरला रीडिंग ८,६५० आलं, एकूण २३८ युनिटं आणि बिल २,६१८ रुपये. मग दर पडतो ११ रुपये आणि तुमचा खरा वाटा ५७२. म्हणजे तुमचे १३ रुपये जास्त गेले. वापर वाढला असता तर तेवढेच त्यांचे गेले असते. हे दहा-वीस रुपये सोडून देणं हाच व्यवहार आहे, कारण त्याच्या बदल्यात पुढच्या बिलाची वाट पाहायची गरज संपते. शिवाय दर मागच्या बिलावर बांधला की तुमच्यानंतर घरात एसी आला किंवा कोणी वर्क फ्रॉम होम करायला लागलं तरी त्याची चढलेली पायरी तुमच्या युनिटांना लागत नाही. घणसोलीच्या त्या मुलीचं नुसतं रीडिंग घेतलं असतं आणि दर मात्र मे महिन्याच्या बिलाचा लावला असता, तरी तिचे थोडे पैसे जास्त गेलेच असते.

ही पद्धत मागचं बिल स्वच्छ असेल तरच चालते, म्हणून त्यात तीन गोष्टी तपासा. पहिली, मागील थकबाकी. मागचं बिल भरायचं राहून गेलं असेल तर ती रक्कम एकूण बिलात मिसळते, ती वगळून फक्त चालू महिन्याची रक्कम घ्या. दुसरी, सुरक्षा ठेव. महावितरण वर्षातून एकदा अतिरिक्त सुरक्षा ठेवीची मागणी काढतं. ती ग्राहकाच्या, म्हणजे मालकाच्या नावावर जमा राहते आणि तिच्यावरचं व्याजही त्याच्याच बिलात वळतं होतं. राहणाऱ्यांनी ती तीन भागांत वाटून घ्यायची नसते. ऐरोलीत कितीतरी मुलांनी ती ‘लाइट बिल’ समजून भरलीय. तुमच्याकडूनही मे-जूनच्या सुमारास तसं काही घेतलं असेल तर ते आत्ताच हिशेबात परत धरा. तिसरी गोष्ट जास्त त्रासाची. मीटर वाचणाऱ्याला रीडिंग मिळालं नाही की बिल सरासरीने येतं. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी शेरा छापलेला दिसला की ते सरासरीचं बिल समजा. पुढे खरं रीडिंग लागलं की मागचा सगळा फरक एकाच बिलात येतो. अशा वेळी शेवटचं खरं रीडिंग ज्या बिलावर आहे तिथपर्यंत मागे जा, दर त्या बिलाचा घ्या, तेव्हापासून १८ तारखेपर्यंतची सगळी युनिटं मोजा आणि मधल्या सरासरी बिलांत तुम्ही दिलेले पैसे त्यातून वजा करा.

बाकीचे खर्च पटकन उरकतात. जेवण करणाऱ्या मावशींचा पगार १८ दिवसांचा धरा. माणशी दीड हजार असेल तर ८७१ रुपये. पाइपच्या गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, पण तिथेही मीटर आहे, विजेच्या व्हिडिओसोबत त्याचाही फोटो घ्या आणि तीच रीत लावा. वायफायचं रिचार्ज पुढच्या महिन्यापर्यंतचं भरून झालं असेल तर मी ते सोडून द्या म्हणते. तुमच्या घरात गॅस सिलिंडरवर चालतो असं धरून मी पुढच्या बेरजेत त्याचे पैसे घेतलेले नाहीत.

एक खर्च मात्र लोक विसरतात आणि तो नंतर मोठा होतो, तो म्हणजे रंगकाम. करार संपताना मालक रंग आणि साफसफाईचे पैसे डिपॉझिटमधून कापतो, बऱ्याच करारांत ते आधीच लिहिलेलं असतं. तुम्ही त्याआधीच जाताय. मग फेब्रुवारीत मालकाने ९ हजार कापले की पार्टनर तुम्हाला फोन करतो, किंवा त्या भीतीने आत्ताच पाच हजार अडवून ठेवतो. करार बघा. ११ महिन्यांचा असेल आणि रंगाचे ९ हजार ठरलेले असतील तर माणशी तीन हजार होतात. तुम्ही त्यातले साधारण साडेसात महिने राहिलात, म्हणून तुमच्या वाट्याला दोन हजारांच्या आसपास येतात. दोन हजार मान्य करा आणि ‘रंगकामापोटी, अंतिम’ असं लिहून टाका. उरलेला हजार नव्याने येणाऱ्याचा, त्याच्याशी ते पार्टनरने ठरवावं. करारात रंगाचा उल्लेखच नसेल तर तुम्ही एक रुपयाही देऊ नका. तुमच्या खोलीत काही तुटलंफुटलं असेल तेवढंच तुमचं, आणि त्यासाठी सामान काढल्यावर रिकाम्या खोलीचे फोटो घ्या. कपाटाची बिजागरं, बाथरूमचा नळ, खिडकीची जाळी एवढं पुरे.

आता बेरीज. भाडं ६,३८७, सप्टेंबरचं बिल १,०८०, नंतरची वीज ५८५, मावशी ८७१, रंगकाम २,०००. एकूण १०,९२३. तीस हजारांतून वजा केले की तुम्हाला मिळायचे १९,०७७.

ऑक्टोबरच्या भाड्याचा हिस्सा वेगळा देऊ नका, डिपॉझिटमधूनच वळता करून घ्या. एरवी मी भाडं वेळेवर देण्याच्या बाजूने असते आणि मालकाशी थेट करार असेल तर डिपॉझिटमधून भाडं वळवायला मी कधी सांगत नाही. पण तुमच्याकडे कुठलाही करार नाही, पुढची तारीख नाही आणि चावी दिली की हातात काहीच उरत नाही. अशा वेळी येणं जितकं लहान होईल तितकं बरं.

यानंतर १९,०७७ कधी? पार्टनरचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. त्याने तुमचे पैसे मालकाकडे भरलेत आणि ते त्याला आज परत मिळणार नाहीत. पण नवीन माणूस दोन दिवसांत मिळेल की जानेवारीत, हे तुमच्या हातात नाही. जाहिरात त्यांनी टाकायची, घर त्यांनी दाखवायचं, आणि येणाऱ्याला नापसंत करायचा अधिकारही त्यांचाच. म्हणून ‘नवीन मुलगा आल्यावर’ या शब्दांवर सही करू नका. ‘नवीन व्यक्ती राहायला येईल त्या दिवशी किंवा १५ नोव्हेंबर, यांतलं जे आधी येईल तेव्हा’ असं लिहा. आज त्याच्याकडून निम्म्याच्या जवळपास घ्या. मी ९,०७७ आज आणि १०,००० नंतर असं धरते. उरलेला आकडा वाटोळा ठेवला की पुढच्या बोलण्यात गोंधळ होत नाही.

नवीन मुलगा मिळाला तर बहुतेक ठिकाणी तो डिपॉझिट सरळ जाणाऱ्याला पाठवतो. मला हे आवडत नाही. त्याचे पैसे तुमच्या खात्यात येतात, पण घराचं डिपॉझिट ज्याच्या नावावर त्याच्याकडून पोचल्याचा एकही पुरावा त्याच्याकडे राहत नाही, आणि वर्षभराने तो आज तुम्ही आहात त्याच जागी उभा असतो. नव्याने पार्टनरला द्यावे आणि पार्टनरने त्याच दिवशी तुम्हाला. व्यवहार दोन होतात, पण प्रत्येकाच्या बँकेच्या उताऱ्यात ज्याचं त्याचं नाव येतं.

कागद साधा चालतो. हाताने लिहिलेला असला तरी हरकत नाही, स्टॅम्प पेपरही लागत नाही. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावतात, तो लावून त्यावरून सही घ्या. मजकूर पार्टनरच्या तोंडी असावा, कारण पैसे मिळाल्याचं आणि द्यायचे असल्याचं कबूल तो करतोय. मी असा लिहिते:

> दिनांक १८ ऑक्टोबर, ऐरोली.
>
> मी (पार्टनरचं पूर्ण नाव), सदनिका क्रमांक __, (इमारत), सेक्टर __, ऐरोली येथे राहतो. (तुमचं पूर्ण नाव) यांच्याकडून मला दिनांक __ मार्च रोजी यूपीआय व्यवहार क्रमांक __ ने रुपये ३०,००० (अक्षरी तीस हजार फक्त) या सदनिकेच्या डिपॉझिटमधील त्यांचा हिस्सा म्हणून मिळाले आहेत.
>
> त्यांनी १८ सप्टेंबर रोजी एक महिन्याची नोटीस देऊन आज घर सोडलं आहे. त्यांच्याकडची चावी मला मिळाली. आज सकाळी __ वाजता वीज मीटर क्रमांक __ वर रीडिंग ८५६८ होतं, ते आम्ही दोघांनी पाहिलं.
>
> भाडं (१ ते १८ ऑक्टोबर) ६,३८७, सप्टेंबर वीजबिल १,०८०, २७ सप्टेंबरनंतरची वीज ५२ युनिट ५८५, स्वयंपाक ८७१, रंगकाम अंतिम २,०००, एकूण १०,९२३ वजा जाता त्यांना रुपये १९,०७७ (अक्षरी एकोणीस हजार सत्त्याहत्तर फक्त) देणं आहे. पैकी ९,०७७ आज दिले, व्यवहार क्रमांक __. उरलेले रुपये १०,००० नवीन व्यक्ती राहायला येईल त्या दिवशी किंवा १५ नोव्हेंबर, यांतलं जे आधी येईल तेव्हा मी देईन.
>
> पुढचं वीजबिल कमी-जास्त आलं तरी हा हिशेब बदलणार नाही. वरील रुपये १०,००० मिळाल्यावर या घराबाबत आमची एकमेकांकडे कोणतीही येणी-देणी राहणार नाहीत.

खाली दोघांच्या सह्या, तारखेसह, आणि तिसऱ्या पार्टनरची साक्षीदार म्हणून. तारखांपुढे साल लिहायला विसरू नका.

यात सगळ्यात मोलाचं वाक्य पहिल्या परिच्छेदातलं आहे. मार्चमध्ये पैसे पाठवताना तुम्ही रिमार्कमध्ये काय लिहिलं होतं ते पाहा. बहुतेकांच्या रिमार्कची जागा कोरी असते, नाहीतर ‘रेंट’ असं काहीतरी असतं. उद्या वाद झाला तर ३० हजार गेले हे बँक सांगेल, पण ते डिपॉझिट होतं, उधार होतं की तीन महिन्यांचं भाडं, हे बँक सांगणार नाही. ते फक्त त्याची सही सांगेल. अशी लेखी कबुली मुदतीच्या कायद्यातही उपयोगाची असते. पैशांच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत करायचा असतो, आणि त्या मुदतीच्या आत देणं सहीनिशी मान्य केलं तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते.

शेवटचं वाक्यही नीट पाहा. ‘येणी-देणी नाहीत’ हे पैसे मिळाल्यावर लागू होतं, सही केल्यावर नाही. ‘आधी नो ड्यूजवर सही कर, मग संध्याकाळी जीपे करतो’ असं कोणी म्हटलं तर नम्रपणे थांबा. मी पाहिलेल्या फसलेल्या हिशेबांत हा क्रम उलटा झालेला असतो, आणि सही केलेला कागद नेमका समोरच्याच्या कामाचा ठरतो.

पार्टनर गावी गेला असेल किंवा कागदावर सही करायला कचरत असेल, तर हाच मजकूर त्याला वैयक्तिक चॅटवर पाठवा आणि उत्तरात रक्कम व तारीख मागा. ‘हो रे, देतो’ याला फारसा अर्थ राहत नाही. ‘१०,००० रुपये १५ नोव्हेंबरपर्यंत देईन’ हे त्याच्या नंबरवरून आलेलं असलं तर कामाचं. चॅटचे नुसते स्क्रीनशॉट कोर्टात पुरत नाहीत, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या ६३ व्या कलमाप्रमाणे सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. तेव्हा मूळ चॅट डिलीट करू नका आणि फोन बदलला तर बॅकअप घ्या.

१५ नोव्हेंबर उलटला तर लगेच पोलिस ठाण्याचा रस्ता धरू नका. पैसे द्यायचे राहिले हा दिवाणी मामला आहे आणि तिथून बहुधा तुम्हाला परतच पाठवतील. कागदाच्या प्रतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. त्यानंतर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करता येतो. ते समोरच्याला नोटीस काढून तडजोडीला बोलावतात. दहा हजारांसाठी वकील लावण्यापेक्षा हे परवडतं. सही केलेला कागद असला की यातले बरेच जण पहिल्या पत्रावरच पैसे देतात.

तुमच्यासारखेच, पण करारावर नाव असलेले कोणी वाचत असतील तर त्यांना एवढा कागद पुरणार नाही. नाव असेपर्यंत मालकाच्या दृष्टीने भाड्याची जबाबदारी तुमच्यावरही राहते. तिथे मालकाला लेखी कळवून जुना करार संपवायचा आणि उरलेल्यांच्या व नव्याच्या नावाने पुन्हा नोंदवायचा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार आणि त्यावर मुद्रांक शुल्क, हा खर्च कोणी करायचा हे आधी ठरवा, कारण याच खर्चासाठी लोक नाव तसंच राहू देतात.

कागदाचे दोन्ही पानांचे फोटो त्याच दिवशी ग्रुपवर टाका, म्हणजे तिसऱ्यालाही काय ठरलं ते माहीत राहतं. मूळ प्रत तुमच्याकडे राहू द्या. १५ नोव्हेंबरला किंवा त्याआधी दहा हजार आले की त्याच प्रतीवर खाली ‘रुपये १०,००० मिळाले’ असं लिहा, व्यवहार क्रमांक आणि तारीख टाका, तुमची सही करा आणि त्याचा फोटो पार्टनरला पाठवा. तो त्याच्या मागणीची वाट न पाहता पाठवा, त्यालाही कागद हवा असतो.